ओली भिंत आणि दाजींची पाठ

घरमालकांनी महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. कारण काय, तर मावशी घरात ओले कपडे वाळत घालतात, वर दिवसभर वाफेची इस्त्री फिरवतात, म्हणून म्हणे भिंतीला ओल आली! मावशी गेली नऊ वर्षं त्या दोन खोल्यांत शिवणकाम करत होत्या. गिऱ्हाइकं डोळे मिटून दारात यायची. या वयात दुसऱ्या गल्लीत जाऊन नव्याने पाटी लावायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

नव्या भाडेकरूसाठी रंग द्यायचा म्हणून घरमालकांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा पेशाने रंगारी. त्याने पुढच्या खोलीतली रस्त्याकडची भिंत पाहिली. रंगाला जागोजागी फोड आले होते.

"दाजी, हा कसला रंग?"

"वेदरप्रूफ. बाहेरच्या कामातला अर्धा डबा उरला होता, तो मीच मारला आतून," घरमालक छाती फुगवून म्हणाले. "पावसाला दाद देत नाही तो."

"तो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला देतात. पाणी तिकडून येतं. आतून मारलात, म्हणजे भिंतीत शिरलेलं पाणी कोंडून ठेवलंत. पावसात छत्री शर्टाच्या आत उघडतं का कुणी?"

मावशींनी तोंडाला पदर लावला.

"पाणी बाहेरून येतच नाही," घरमालक तडकले. "यांच्या इस्त्रीतून येतं."

रंगाऱ्याने वाद घातला नाही. त्याने एक फोड खरवडला, आतलं प्लास्टर उघडं केलं, त्यावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा ठेवून चारही कडा टेपने बंद केल्या. दोन दिवसांनी बघायचं. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते खोलीतल्या वाफेचं. प्लास्टिकच्या मागे जमलं तर भिंतीतलं.

"वाफेचं निघालं तर मी सामान बांधते," मावशी म्हणाल्या. "भिंतीचं निघालं तर इथेच राहते. कबूल?"

वरच्या मजल्यावरून उतरलेल्या घरमालकीणबाईंनी नवऱ्याच्या वतीने परस्पर कबूल करून टाकलं.

मावशी बोलल्या खऱ्या, पण दोन रात्री त्यांना धड झोप नव्हती. इस्त्रीला तर त्यांनी हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या शिवलेले कपडे पोचवून परतल्या तर प्लास्टिकवर खोलीच्या बाजूने पाणी निथळत होतं. पाच मिनिटांत निळा स्वेटर घातलेले घरमालक हजर. मागून घरमालकीणबाई आणि रंगारी.

"बघा! मी काय म्हणत होतो?"

रंगाऱ्याने फडक्याने प्लास्टिक पुसलं. "हे झालं बाहेरचं. आता आतलं पुसून दाखवा की." प्लास्टिकच्या मागे, टेपच्या आत, टपोरे थेंब जसेच्या तसे होते.

"दोन्हीकडे आहे ना पाणी? म्हणजे इस्त्रीचंही आहेच!" घरमालक अडून बसले आणि मावशींवर बोट रोखायला वळले. त्यांची पाठ बायकोकडे झाली.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "हे पाठीवर काय?"

निळ्या स्वेटरवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरा पट्टा उमटला होता. त्या भिंतीपाशी जायचं तर कापायचं टेबल आणि बाजूची भिंत यांच्यातल्या फटीतून अंग चोरून जावं लागे. बाजूच्या भिंतीला होतं डिस्टेंपर, तेही स्वस्तातलं. नुसतं टेकलं तरी भुकटी अंगाला लागायची. मावशी स्वतः तिथून जाताना पाठीला जुनी चादर लावत. आत्ता तर घरमालक टेबलाच्या अलीकडेच उभे होते.

"दुसरी किल्ली तुमच्याचकडे ना?" बायकोने विचारलं. "मघाशी झाडांना पाणी घालायचा फवारा घेऊन खाली आलात. झाडं तर वर आहेत."

घरमालक घाईघाईने पाठ झटकू लागले. रंगारी हसून हसून टेबलावर बसला.

निकाल घरमालकीणबाईंनीच दिला. मावशी कुठेही जाणार नाहीत. रस्त्याकडच्या बाजूने भेगा बुजवायच्या, त्या वाळल्यावर प्रायमर आणि वेदरप्रूफचे दोन हात. आतला तो रंग खरवडून भिंत वाळेपर्यंत उघडी ठेवायची. बाकीच्या भिंतींना इमल्शन, म्हणजे गिऱ्हाइकांचे कपडे खराब व्हायला नकोत आणि डाग ओल्या फडक्याने पुसता येतील.

"डिस्टेंपरवरच इमल्शन मारलं तर पापुद्रे सुटतील हं, ताई," रंगारी म्हणाला. "आधी सगळं डिस्टेंपर खरवडायला हवं. फार कंटाळवाणं काम."

"आहेत ना तुझे दाजी."

त्या संध्याकाळी दार लावून मावशी पोट धरून हसल्या, आणि मग थोडं रडल्याही. घर राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरमालक भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. खरवडायचा पत्रा खाली ठेवून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मावशी, जरा पाणी देता का?"

मावशींनी तांब्या भरून आणला आणि हातातच धरून ठेवला.

"पिणार आहात ना? नाही, आधी विचारलेलं बरं."