हौदातले जीव

खापरी माळावर शहराचा कचरा पडतो. तो माळ पूर्णा आणि चुडाव्याच्या मधल्या भागात आहे. कचऱ्याच्या ढिगावर पाऊस पडला की पाणी आतून झिरपत खाली येतं, आणि येताना ढिगातलं सगळं सोबत घेऊन येतं. कोऱ्या चहाच्या काढ्यासारखं काळं पाणी. पूर्वी ते ओढ्यात जायचं. आता ढिगाखाली जाड प्लास्टिक अंथरलं आहे. त्यावरून ते पाणी नळीने खालच्या तळ्यात येतं. तळ्यातून थोडं थोडं हौदात, हौदातून पाणी गाळणाऱ्या पडद्यांच्या नळ्यांमध्ये. शेवटच्या नळीतून निघालेल्या पाण्यावर कुंपणाची झाडं जगतात.

या कामावर मुंजाजी होता. त्याआधी तो गावच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होता. गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक टाकी त्याने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून शुद्ध केलेली. पटकीच्या साथीत गावात एकही माणूस दगावला नाही, हे लोक अजून सांगतात.

ओढ्याच्या पलीकडे शांतम्माचं शेत. नवरा गेल्यापासून शेत तीच बघते. तिची विहीर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. देवघरातल्या लिंगाला रोजचं पाणी त्याच विहिरीचं, गुरांना तेच, घरात प्यायलाही तेच. माळावर तळं खोदलं तेव्हा ती जेसीबीपुढे बसली होती. तिला उठवलं ते मुंजाजीने. "आक्का, मी हाय ना इथं. तुमच्या विहिरीला काई झालं तर माझं नाव घ्या," असं तो सगळ्यांसमोर बोलला होता.

आश्विन लागता लागता शांतम्माच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. ती कुंपणापाशी आली.

"मुंजाजी, नाकाला पदर लावून जेवायला वाढू का रे पाहुण्याला?"

"काय झालं आक्का?"

"वास! तुझ्या त्या तळ्याचा का हौदाचा. तू तर विहिरीचा डॉक्टर. हिथं काय फक्त बटनं दाबायला ठेवलाय का तुला?"

ती हसत बोलली, पण ते मुंजाजीला लागलं. तो हौदापाशी जाऊन उभा राहिला. हौदात खालून हवा सोडलेली असते, त्यामुळे पाणी सारखं उकळल्यासारखं हलत होतं. वर तपकिरी फेस. खाली गढूळ, लाल मातीच्या रंगाचा गाळ. त्याला वाटलं, एवढं घाण पाणी, यातच किडे असणार. विहिरीत असं पाणी दिसलं असतं तर त्याने काय केलं असतं?

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी त्याने ग्रामपंचायतीच्या खोलीतून दोन पोती टीसीएल मागून आणली. बादलीत कालवून, वरचं पाणी निवळू देऊन, जसं आयुष्यभर केलं तसं हौदात ओतलं. डोळे चुरचुरले. त्याला बरं वाटलं.

पाहुणे आले, जेवले, गेले. त्या दिवशी वारा दुसऱ्या दिशेचा होता. वास आला नाही. शांतम्माने त्याला पुरणाची पोळी पाठवली.

मग हौद बदलला. तपकिरी फेस पांढरा झाला, साबणाच्या पाण्यासारखा, आणि कठड्यावरून बाहेर सांडू लागला. गाळ खाली बसेना. पाणी राखेच्या रंगाचं दिसू लागलं.

प्लांटचं काम धम्मशीला बघत होती. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतली मुलगी, रसायनशास्त्र शिकलेली. तिने काचेच्या उंच भांड्यात हौदातलं पाणी घेऊन ठेवलं. एरवी अर्ध्या तासात गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. या वेळी वरपासून खालपर्यंत सगळं गढूळच. तिने अमोनिया तपासला. हौदात येताना जेवढा, निघताना तेवढाच.

"मेले," ती म्हणाली.

"कोण मेलं, ताई?" मुंजाजीने विचारलं.

"हौदातले जीव, काका. हा गाळ म्हणजे गाळ नाही. डोळ्याला न दिसणारे जिवाणू आहेत. तेच ह्या पाण्यातली घाण खातात. अमोनिया खाणारे तर लय नाजूक. वाढायला खूप दिवस घेतात."

मुंजाजीने हातातला पाना खाली ठेवला.

"मग सरळ पडद्यातून काढा की पाणी," तो म्हणाला. "बारीक भोकाचे पडदे हायेत म्हणता ना."

"पडदे चाळणीचं काम करतात, पचवायचं नाही. न पचलेलं पाणी त्यात घातलं तर चिकट थर बसून भोकं बुजतात. आणि अमोनिया एवढा असला तर थोडा पलीकडेही जातो. पडदे बंदच ठेवावे लागतील."

म्हणजे पाणी तळ्यात येत राहणार आणि बाहेर काही जाणार नाही. दोघांनी तळ्याकडे बघितलं. काठ आता हातभरच वर राहिला होता. परतीचा पाऊस नांदेडकडे सुरू झाल्याचं फोनवर आलं होतं. तळं फुटलं किंवा वाहिलं तर पाणी ओढ्यात, आणि ओढ्याच्या काठाला शांतम्माची विहीर.

"नवीन जीव आणता येत न्हाईत का?"

"येतात. शहराच्या सांडपाण्याच्या प्लांटातून जिवंत गाळ टँकरने आणता येतो. पण मेले कशाने ते कळायला पाहिजे. ढिगात कुणी बॅटऱ्या, औषधाचे डबे टाकले असतील आणि विष तळ्यातच असेल, तर नवीन आणलेलेही मरतील. नमुना प्रयोगशाळेला पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत थांबू."

"किती दिवस?"

"आठवडा तरी. जास्तच."

मुंजाजी घरी जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, पोट जड आहे. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, हे त्याला दिसत होतं. प्लांटचा ठेकेदार असल्या माणसाला दारातही उभं करणार नाही. आणि गावात जे नाव आहे ते? विहिरीचा डॉक्टर! पण न सांगता आठवडा गेला आणि पाऊस आला तर?

सकाळी तो माळावर गेला तेव्हा शांतम्मा तिथेच होती. तळं भरत आलं हे तिने बांधावरून बघितलं होतं. ती धम्मशीलाला जाब विचारत होती.

"बाई, तुमचं शिक्षण राहू द्या बाजूला. ते पाणी माझ्या विहिरीत येणार का न्हाई, तेवढं सांगा."

"काकू, मी प्रयत्न करायलेय. रिपोर्ट यायचा आहे."

"रिपोर्ट काय पाऊस धरून ठेवणार हाय का?"

मुंजाजी दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"ताई, रिपोर्टची वाट बघू नका. तळ्यात विष न्हाई. मी हौदात टीसीएल टाकलं."

धम्मशीला त्याच्याकडे वळली. "किती?"

"दोन पोती."

"काका! कामून?"

"वास जावा म्हणून. घाण पाण्यात पावडर टाकायची, एवढंच मला येतं. इतके दिवस जिथं टाकली तिथं माणसं वाचली."

"वास तळ्याचा येत होता. चांगल्या हौदाला ओल्या मातीसारखा वास येतो. तुम्ही चांगल्यावरच औषध घातलं."

शांतम्मा हौदाच्या पायरीवर बसली. तिचं तोंड उतरलं होतं. "मीच बोलले ह्याला," ती म्हणाली. "मीच डिवचलं."

"तुमी काई सांगितलं न्हवतं आक्का. हात माझे होते."

धम्मशीला रागावली होती, पण तिने सांडपाण्याच्या प्लांटला फोन लावला. तळ्यात विष नसेल तर थांबायचं कारण उरलं नव्हतं. हौदातला पावडरीचा अंश तिने तपासला. तो अमोनियाशी भिडून केव्हाच संपला होता. संध्याकाळपर्यंत जिवंत गाळाचा पहिला टँकर येईल असं ठरलं.

"पण आजच्या आज तळं रिकामं होणार नाही," ती म्हणाली. "नवीन जिवांना आधी अर्धपोटी ठेवावं लागतं. थोडं थोडं काळं पाणी द्यायचं, पचलं की वाढवायचं. तोपर्यंत पावसाचं पाणी ढिगात शिरू द्यायचं नाही. ढीग झाकायचा."

"कशाने?"

"आपल्याकडे ताडपत्र्या आहेत त्या अर्ध्याला पुरतील."

शांतम्मा उठली. ओढा ओलांडून गेली. मुंजाजीला वाटलं, रागाने गेली. थोड्या वेळाने ती बैलगाडी घेऊन आली. गाडीत ताडपत्र्या होत्या. सोयाबीनच्या गंजीवरच्या.

"आक्का, गंजी उघडी पडंल."

"एक ठेवलीय तिच्यावर. भिजली तर एक बाजू भिजंल. विहीर भिजली तर?" मग ती तिखट आवाजात म्हणाली, "बघत काय उभा राह्यलास? दोरी धर!"

तिने गावातही निरोप धाडला. आणखी चारपाच घरांतून ताडपत्र्या आल्या. ढिगाच्या उतारावर त्या एकावर एक चढवून, दगड आणि जुने टायर ठेवून बसवल्या. वरचं स्वच्छ पाणी तळ्यात न येता बाजूच्या चरीने जावं म्हणून मुंजाजीने चरी साफ केली.

टँकर आला तेव्हा गाळाचा वास खरोखर ओल्या मातीचा होता. हौदातलं थोडं पाणी आधी उपसून जागा केली होती. हवा चालू ठेवून गाळ आत सोडला. धम्मशीलाने सांगितल्याप्रमाणे मुंजाजीने गूळ विरघळवून घातला, आल्या आल्या जिवांना सोपं खाणं म्हणून.

पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ताडपत्र्यांवरून पाणी धो धो चरीत गेलं. तळं वाढलं, पण ढिगातून येणारं पाणी कमी होतं. काठाच्या खाली वीतभर जागा राहिली आणि पाऊस सरला. शांतम्मा बांधावर छत्री घेऊन उभी होती. ती पाऊस थांबेपर्यंत हलली नाही.

पुढे दिवस हळू गेले. पहिल्यांदा गाळ बसू लागला. मग फेस पांढऱ्याचा पिवळट, पिवळटाचा तपकिरी झाला. अमोनिया उतरायला दिवाळी उलटली. तो उतरला तसे धम्मशीलाने पडदे पुन्हा चालू केले. शेवटच्या नळीतून निवळ पाणी आलं. पडद्याने अडवलेलं दाट पाणी परत ढिगावर सोडलं. तळं उतरलं.

शांतम्माच्या विहिरीचं पाणी धम्मशीलाने स्वतः काढून तपासायला पाठवलं होतं. ते पिण्यालायक निघालं.

ठेकेदाराला तिने झालं ते सगळं कळवलं. त्याने मुंजाजीला हौदावरून काढून तळ्याच्या पंपावर लावलं, आणि पगार तोच ठेवला, पण हौदात काही टाकायचा अधिकार काढून घेतला. "हे बरोबर झालं," मुंजाजी म्हणाला. त्याला त्यात अन्याय वाटला नाही.

मळणीसाठी गंजी उघडली तेव्हा तिची ओढ्याकडची बाजू त्या पावसाने भिजून काळी पडलेली निघाली. शांतम्मा ती उन्हात पसरत होती. मुंजाजी पंप बंद करून तिकडे गेला.

"किती खराब झालं, आक्का?"

"झालं थोडं. तू आलास ते बरं. कंबर धरलीय माझी."

"माझ्यामुळं झालं हे."

"हो, तुझ्यामुळंच. मग बडबड कामून करतोस? दाताळं घे."

त्याने दाताळं घेतलं आणि शेंगा उलटायला लागला. थोड्या वेळाने ती घरातून तांब्याभर पाणी घेऊन आली. त्याने तांब्या वर धरून गटागटा पाणी पिऊन टाकलं, आणि ते विहिरीचं आहे का असं विचारलं नाही.