झडप नसलेला अर्ज

नागप्पांनी लिहिलेला अर्ज वाचून साहेब रडला नाही तरी निदान चष्मा काढून पुसतो, असं बीडच्या कोर्टासमोर म्हणायचे. म्हणणाऱ्यांत नागप्पा स्वतः सगळ्यात पुढं असायचे, ही गोष्ट वेगळी. तीस वर्षं त्यांनी त्या लिंबाखाली टेबल मांडून लोकांची गाऱ्हाणी लिहिली. आता मोतीबिंदूनं डोळे गेले होते. एकाचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्याचं अजून व्हायचं होतं. त्यामुळं नागप्पा सांगायचे आणि त्यांची बायको शांतादेवी मशीन बडवायची.

शांतादेवी सातवीपर्यंत शिकलेली. टायपिंग ती कुठल्या क्लासला शिकली नव्हती. दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन यायची, तो जेवेपर्यंत एकेक अक्षर दाबून बघायची, आणि असं करता करता दहा वर्षांत बोटं बसली. समोर कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान निघालं होतं, गिऱ्हाईक तिकडं वळत होतं. नागप्पांना त्याची फिकीर नव्हती. "त्या डब्याला काय कळतंय," ते म्हणायचे, "कुठं 'धाय मोकलून' लिहायचं अन् कुठं 'टाहो फोडून'!"

एका शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत एक मुलगी आली. तेवीस-चोवीसची, खांद्याला पर्स, हातात चौघडी घातलेला कागद. एका सरकारी कार्यालयात कारकून होती. वडील त्याच कार्यालयात नोकरीत असतानाच वारले, म्हणून त्यांच्या जागी लागलेली. नाव रोहिणी. नेकनूरहून रोज यष्टीनं यायची.

"अर्ज लिहून पाहिजे, मावशी," ती म्हणाली आणि कागद पुढं केला.

शांतादेवीनं कागद उघडला. दोनच ओळी होत्या. 'अधीक्षक अमरनाथ हे चांगले गृहस्थ नाहीत. ते मला नको तसा स्पर्श करतात, तरी न्याय मिळावा.'

"हे समितीला दिलंवतं," रोहिणी सांगायला लागली. दोन वर्षांमागं सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता, कामाच्या जागी बायांची तक्रार ऐकायला समिती पाहिजे म्हणून. तिच्या कार्यालयातही समिती झाली होती. आजवर ती फक्त नोटीस बोर्डावर होती, रोहिणीचा अर्ज पहिलाच. "अध्यक्ष जानकीबाई म्हनल्या, अर्ज घेते, पण यात काय घडलं ते कळंना. सगळं सविस्तर लिहून सोमवारी दे. मला न्हाई लिहिता आलं, मावशी. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. अन् घरी आई म्हनती, नोकरी सोड अन् गप घरी बस."

"सोडायची हाय का तुला?"

"माझ्या बापाचं टेबल हाय ते," रोहिणी म्हणाली. "कावून सोडू?"

नागप्पांनी घसा साफ केला. असं काम बरेच दिवसांत आलं नव्हतं. "लाव कागद," ते म्हणाले, "तीन प्रती." शांतादेवीनं मधे कार्बन घालून कागद चढवला. नागप्पांनी मिटल्या डोळ्यांनी वर लिंबाकडं तोंड केलं आणि सुरू झाले.

"लिही. सदर वासनांध इसमाने, अधिकाराच्या मदाने उन्मत्त होऊन, पितृछत्र हरपलेल्या अबला भगिनीची अब्रू लुटण्याच्या नीच हेतूने तिच्यावर श्वापदासारखी झडप—"

मशीनचा आवाज थांबला.

"झडप न्हाई घातली, आप्पा," रोहिणी हळूच म्हणाली.

"नसंल घातली. पण कागदाला लागती की, पोरी. झडप नसल्यावर साहेब अर्ज वाचंल कशाला?"

शांतादेवीनं मशीनवरून हात काढले. पर्समधून दोन रुपये काढत होती ती रोहिणी, उगीच काहीतरी करायचं म्हणून. "ठेव ते," शांतादेवी म्हणाली. "त्या गाड्यावर जा अन् तीन चहा सांग. आमच्या नावावर. आप्पाचा बिनसाखरेचा म्हनावं, त्यांनी काय बी सांगितलं असलं तरी."

मुलगी गेली. शांतादेवी थोडा वेळ कार्बनचा कोपरा सरळ करत बसली.

"आवं, विमलबाई आठवती का? युसूफ वडगावची? चार वर्षं झाली."

"न आठवायला काय झालं! कसला अर्ज लिहिलावता मी! त्यात बी झडप होती."

"हां. झडपच होती."

नागप्पांनी मान तिच्याकडं वळवली. दिसत नव्हतं तरी वळवली.

"तिच्या साहेबानं हात धरला होता. दोनदा. सोडा म्हनली तरी सोडला न्हाई. तिनं आपल्याला तेवढंच सांगितलंवतं. चौकशीत त्यांनी अर्ज वाचला अन् म्हनले, झडप कशी घातली ते सांगा. ती खरी बाई. म्हनली, झडप न्हाई साहेब, हात धरला. मग म्हनले, नीच हेतू व्हता हे तुमाला कसं कळलं? ती गप. म्हनले, म्हंजे अर्जात खोटं लिहिलंय. झालं. हात धरलेला बी खोटा ठरला. तिची नोकरी गेली. पुढच्या हंगामात नवऱ्यासंगं ऊस तोडायला गेली."

"तुला कुणी सांगितलं?"

"तीच आलती की. डझनभर केळी घेऊन. म्हनली, आप्पास्नी सांगू नका, लई जीव लावून लिहिलंवतं त्यांनी."

केळी नागप्पांनीच खाल्ली होती, त्यातली आठ तरी. हातातली काठी त्यांनी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. शांतादेवीला वाटलं, आता चिडतील, म्हणतील चार वर्षं तोंडात काय धरलंवतंस. चिडले असते तर तिला बरंच वाटलं असतं.

"मग आता तू लिही," ते म्हणाले. "मी चहाकडं जातो. माझ्यासमोर पोरगी बोलायची न्हाई." काठी टेकत दोन पावलं गेले आणि थांबले. "कोण हजर होतं ते विचार. अन् जे तिला माहीत न्हाई, तिथं माहीत न्हाई असंच लिही. अन् पोच घ्यायला सांग, शिक्क्यासगट."

रोहिणी चहा घेऊन आली तेव्हा शांतादेवीनं तिची खुर्ची वळवून ठेवली होती, दोघींची तोंडं रस्त्याकडं. एकमेकींकडं बघून जे बोलता येत नाही ते रिक्षांकडं बघून बोलता येतं.

"पहिल्यांदा कधी झालं?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. तारीख न्हाई आठवत."

"मग तसंच लिहू. कुठं?"

"रेकॉर्डच्या खोलीत. मी फाईल काढत होते. मागून आले, अन्..." तिनं कप टेबलावर ठेवला. "पाठीवर हात ठेवला. ठेवूनच राहिले."

"नुसता ठेवला का फिरवला?"

"पहिल्यांदा ठेवला. दुसऱ्यांदा खांद्यापासनं कमरेपतूर."

"बास. एवढं पुरं. याच्याहून बारीक सांगायची गरज न्हाई, अन् याच्याहून कमी बी लिहायचं न्हाई. तू काय केलंस?"

"पहिल्यांदा बाजूला सरले. दुसऱ्यांदा म्हनले, साहेब, हात लावू नका."

"अगदी हेच शब्द?"

"हेच. रात्री झोप न्हाई आली, सारखे हेच शब्द आठवत होते." तिनं डोळे पुसले. "ते मुद्दाम करतेत, मावशी. मला बाप न्हाई म्हनून. त्यांची नियतच तसली हाय. लिहा तसं."

"आसंल," शांतादेवी म्हणाली. "मला बी तसंच वाटतंय, खोटं कशाला बोलू. पन त्यांच्या मनात ना तू जाऊन आलीस ना मी. हात कुठं होता ते मातुर तुला माहीत हाय. अन् तुझ्या मनाचं तुला माहीत हाय, ते लिहू."

मग ती मशीन हळूहळू वाजवत राहिली. मधेच थांबून विचारायची, रोहिणी सांगायची, पुन्हा वाजवायची. नागप्पा गाड्यापाशी उभे राहून दोन चहा प्याले, दोन्ही साखरेचे. ते परत आल्यावर शांतादेवीनं वाचून दाखवलं.

'...पोळ्याच्या आदल्या दिवशी, नक्की तारीख आठवत नाही, दुपारी सुमारे तीन वाजता मी रेकॉर्ड खोलीत असताना अधीक्षक श्री. अमरनाथ यांनी मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बाजूला सरकले. त्या वेळी तेथे दुसरे कोणी नव्हते. त्यानंतर या महिन्याच्या चार तारखेला सकाळी साडेअकरा वाजता मी माझ्या टेबलाशी बसले असताना त्यांनी माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवरून हात फिरवला. मी "साहेब, हात लावू नका" असे म्हटले. ते "बरं" म्हणाले. त्याच दिवशी सुमारे चार वाजता त्यांनी पुन्हा माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खुर्ची पुढे ओढली. त्या वेळी शिपाई साखराबाई दारात होत्या. त्यांनी काय पाहिले ते मला माहीत नाही. हे स्पर्श मला नको होते. मला भीती वाटते व कामात लक्ष लागत नाही. चौकशी व्हावी, व तोपर्यंत मला त्यांच्या हाताखाली काम करावे लागू नये, ही विनंती.'

"झालं?" नागप्पा म्हणाले.

"झालं."

"लईच उघडं वाटतंय." मग थोड्या वेळानं, "'बरं' म्हनाले, हे चांगलं घेतलंस. म्हंजे ऐकू आलंवतं त्याला."

त्यानंतर तीन आठवडे रोहिणी दिसली नाही. शांतादेवी रोज दुपारच्या सुट्टीत रस्त्याकडं बघायची आणि नवऱ्याला म्हणायची की मी कुठं बघतेय. नागप्पा म्हणायचे, मला कुठं दिसतंय तू बघतीस का न्हाई ते.

मग एका बुधवारी ती आली. लांबूनच चालण्यावरून कळलं. बसली, पाणी प्याली, आणि एका दमात सांगत सुटली.

समितीत पाच जण होते. जानकीबाई, आणखी दोन बाया, एक पुरुष, आणि महिला संस्थेच्या वत्सलाबाई बाहेरून आलेल्या. अधीक्षकांनी चार पानं लिहून आणली होती. मुलीसारखी मानतो, मनात पाप नाही, हेतू शुद्ध होता. सगळी चार पानं हेतूवरच.

"जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा अर्ज पुढं सरकवला अन् म्हनल्या, यात हेतूबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, चार तारखेला हात फिरवला होता का? ते म्हनले, तसा आशीर्वादाचा. वत्सलाबाईंनी विचारलं, नको म्हटल्यावर चार वाजता परत ठेवला का? त्यांनी ती चार पानं परत चाळली. मग म्हनले, ठेवला असंल, पन..."

"अन् साखराबाई?" नागप्पांनी विचारलं.

"मला वाटलंवतं ती बोलायची न्हाई, आप्पा. त्यांच्याच हाताखालची. तिला अर्जातलं तिच्यापुरतं वाचून दाखवलं. ती म्हनली, पोरीनं माझ्या तोंडात काय घातलं न्हाई, मग मी बी पाहिलं तेवढंच सांगते. हात पाठीवर होता. खुर्ची पुढं ओढली."

समितीचा अहवाल वर गेला होता, पुढं काय शिक्षा व्हायची ते वरचे ठरवणार होते. अधीक्षकांना मात्र दुसऱ्या इमारतीत बसवलं होतं. रोहिणी तिच्या टेबलावर होती, वडिलांच्या. आईनं डब्यात शेंगदाण्याची पोळी दिली होती, ती तिनं मशीनशेजारी ठेवली. "हे तुमाला. आई काय बोलली न्हाई. नुसता डबा दिला."

ती गेल्यावर नागप्पा बराच वेळ पोळी चघळत बसले.

"शांते, कार्बनची प्रत हाय का आपल्यापाशी?"

"तिची तिला दिली. आपल्यापाशी कशाला ठेवायची?"

"बरोबर हाय." मग म्हणाले, "विमलबाई गावीच असंल का अजून?"

"उसाचा हंगाम सुरू व्हायचाय अजून. असंल."

"रविवारी वडगावला जाऊ. यष्टीनं."

"अन् काय सांगनार तिला? अर्ज घालणार परत?"

"तिचं ती ठरवंल." नागप्पांनी काठीचं टोक मातीत फिरवलं. "झडप मी घातली होती, एवढं सांगीन. उगं वाढवून न्हाई सांगनार."

शांतादेवीनं मशीनवर झाकण घातलं आणि त्यांचा हात धरून उठवलं.

"केळी घेऊन जाऊ," ती म्हणाली. "अन् या वेळी तिलाच खाऊ द्या."