वेगळ्या चुलीची सही

बेलीफ ताब्याचं वॉरंट घेऊन दारात आला तेव्हा मी साडीला फॉल लावत होते. पुढची खोली रिकामी करा म्हणाला. माझं दुकान, माझं पोट, सगळं त्याच खोलीत. मागे भालचंद्र भाऊजी हाताची घडी घालून उभे होते. खोली आपल्या एकट्याची आहे असा दावा त्यांनीच लावला होता आणि मी एकदाही हजर न राहिल्यामुळे एकतर्फी हुकूमनामा झाला होता. त्यांचं खोटं उलटतपासायला कोर्टात कोणी नव्हतंच. पाया पडून मी बेलीफाकडून दोन दिवस मागून घेतले आणि तडक कोर्ट गाठलं.

मुजावर वकीलबाईंनी फाईल पाहिली. मी लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला असताना समन्स आलं होतं आणि ते घरातली बाई म्हणून माझ्या थोरल्या जावेनं, विजयानं, सही करून घेतलं होतं. वादीच्या बायकोनं! माझं डोकं फिरलं.

हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करायचा अर्ज करावा लागतो. बाईंनी तो लगेच केला आणि ताबाही थांबवून घेतला. मात्र त्यांनी बजावलं, तुम्हाला तारीख माहीत होती असं दिसलं तर समन्स बजावण्यातली चूक उपयोगाची नाही.

साक्षीला विजया नटूनथटून आली. आम्ही एकाच घरात राहतो, ती निपाणीहून आल्यावर समन्स मी तिच्या हातात दिलं, असं तिनं शपथेवर सांगितलं. वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या, "एकत्र राहता म्हणजे येता-जाता एक वाटी भाजी तरी देत असाल."

"भाजी?" विजयाचा आवाज चढला. "सासऱ्यांच्या तेराव्यापासून चूल वेगळी आहे. माझ्या घरातलं पाणी तिला दिलेलं नाही, तोंड बघितलेलं नाही. विचारा गल्लीत कुणालाही."

"मग समन्स कसं दिलंत?"

विजया नवऱ्याकडे बघू लागली. भाऊजी जमिनीकडे बघत होते. आयुष्यभर मला जाळणारा तिचा ताठा त्या दिवशी माझ्या कामी आला.

न्यायाधीशसाहेबांनी हुकूम दिला: विजया प्रतिवादीसोबत राहत नाही, शिवाय ती वादीची बायको, म्हणून समन्स नीट बजावलेलं नाही. तिनं कळवलं हेही पटत नाही. हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा सुरू, प्रतिवादीनं पुढच्या तारखेला आपली लेखी कैफियत द्यावी.

मी हात जोडले. वकीलबाई म्हणाल्या, "खोली अजून जिंकली नाहीये. फक्त भांडायची संधी मिळालीये."

जिन्यात विजयानं मला गाठलं. तोंड बघत नव्हती ती, आता डोळे वटारून बघत होती.

"खोली जाणारच तुझी. तारखेला बघते तुला."

"बघा जाऊबाई," मी म्हटलं. "या वेळी मी समोर असेन."