'ब' तुकडीचे गुण

मोहनाचे वडील जाऊन चार महिने झाले होते. त्यांनी बडोद्याच्या याच शाळेत पस्तीस वर्षं नाटकातून विज्ञान शिकवलं. त्याचा उपयोग होतो का, हे मोजून पाहावं असं मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नाही. ते आता मोहना पाहत होती. कारण मुख्याध्यापक जगदेवरावांना तिच्या नाटकाच्या दोन तासिका सरावपरीक्षांना हव्या होत्या.

पुरावा आणा, ते म्हणाले होते.

सातवी 'अ'ला तिनं रक्ताभिसरण नाटकातून शिकवलं. मैदानावर खडूनं हृदय आखलं. मुलं निळं कार्ड घेऊन हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जात, तिथं लाल कार्ड घेत आणि डाव्या बाजूतून शरीरभर हिंडत. 'ब'ला तोच धडा, तितक्याच तासिकांत, विज्ञानाच्याच दुसऱ्या शिक्षकानं, सलीलनं, फळ्यावर शिकवला. लगेच घेतलेल्या परीक्षेत दोन्ही तुकड्या सारख्याच निघाल्या, सरासरी वीसपैकी चौदा. मोहनाला त्याचं काही वाटलं नाही. अशा शिकवण्याचा फायदा बहुधा नंतर, आठवणीत टिकण्यात दिसतो, हे तिनं वाचलं होतं. म्हणून आठ आठवड्यांनी, न सांगता, तीच परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली होती.

'अ'ची सरासरी पुन्हा चौदा आली. 'ब'चीही चौदा.

"म्हणजे फरक शून्य," जगदेवराव म्हणाले.

'ब'चं कुणी काही विसरलंच नव्हतं, हे सलीललाही पटत नव्हतं. मोहनानं मुलांना विचारलं. शाळा सुटल्यावर रिक्षाची वाट बघताना 'अ'ची पोरं 'ब'च्यांना फुप्फुसं करून उभं करत होती, अगदी रोज. यशश्रीनं तर वह्यांच्या पुठ्ठ्यांची कार्डं केली होती. गुजरातीत चालायचं सगळं, आणि चुकलेल्याला परत पायापासून निघावं लागे.

मोहनानं हे अहवालात जसंच्या तसं लिहिलं. 'ब'ला नाटक मिळालं नव्हतं असं आता म्हणता येत नाही, म्हणून या तुलनेतून कुठलाच निष्कर्ष निघत नाही.

जगदेवरावांनी चष्मा काढला. "मोहनाबेन, मग पुढच्या सत्रात पुन्हा करा. फक्त 'अ'च्या मुलांना बजावा, बाहेर कुणाला काही सांगायचं नाही."

पुरावा हवा असेल तर सल्ला बरोबर होता. दुसऱ्या शाखेतली तुकडी तुलनेला घेता येईल, असं तिनं सुचवलं. त्याला वेळ नाही, ते म्हणाले.

"मुलांना गप्प बसवणार नाही मी, सर."

तासिका गेल्या. मात्र बोर्डाला पाठवायला नाटकाचे फोटो तेवढे द्या, असा निरोप दुपारी आला.

सोमवारी सलील तिला जिन्यात भेटला. सरावपरीक्षा त्याच्याकडे आल्या होत्या, पण 'ब' तुकडी पेपर हातात घेईना.

"शेवटी खडूनं जमिनीवर पचनसंस्था काढली मी," तो म्हणाला. "लहान आतडं कोण होणार यावरून वर्गात भांडण लागलंय. जरा येता का?"