जागापाहणीनंतरची गळती

जीनत मुजावरचं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं. आडवळणानं कशाला सांगू? ती हसली की मला वाटायचं मलाच हसली, आणि साहेबांनी तिला आत बोलावलं की माझं हातातल्या कामावरचं लक्ष उडायचं.

साताऱ्याच्या आमच्या बँकेत गृहकर्जाचं टेबल माझं. कुठल्या फायलीला काय दुखतंय ते मला वरून बघून कळतं. जीनत सांगलीहून बदलून आली तेव्हा तिला मीच सगळं दाखवलं, अगदी चहा कुठला चांगला तेसुद्धा. आणि विभागाचे साहेब आले नि तिलाच म्हणाले, मॅडम, कर्जाला येणारी माणसं कुठं अडतात, कुठं सोडून जातात, याचा नकाशा करा. सांगलीत दोन्ही जिल्ह्यांचा मिळून नवा गृहकर्ज कक्ष निघणार होता. ज्याचा नकाशा पटेल तो त्याचा प्रमुख, हे कुणी बोललं नाही, पण शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. माझं घर सांगलीत, बायको-पोरं तिथं, आणि मी आठवड्याच्या आठवड्याला पिशवी घेऊन हिंडणारा. ती खुर्ची माझी होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो जीनतच्या रूपानं आला होता.

तिनं भिंतीवर लांब कागद लावला. चौकशी, अर्ज, कागदपत्रं, जागेच्या मालकीबद्दल वकिलाचा शोध अहवाल, इंजिनिअरची जागापाहणी, मंजुरी, गहाणखत आणि शेवटी रक्कम. प्रत्येक पायरीखाली ग्राहक काय करतो, त्याला काय वाटतं, कशाचा त्रास होतो आणि तिथून किती जण गळतात. मी नाक मुरडून म्हटलं, यात काय शोधायचंय, कागदपत्रांना वैतागून जातात लोक. ती म्हणाली, तक्रार कागदपत्रांची करतात खरं, पण ओरडत का होईना, आणून देतात. जातात ते जागापाहणीनंतर. आकडे तसेच होते. वकिलाचा अहवाल स्वच्छ, इंजिनिअरनं काढलेली किंमत पुरेशी, आणि माणूस म्हणतो, सध्या नको. कॉम्प्युटरवर कारण एकच, ‘ग्राहकाला रस नाही’. हे माझ्या टेबलावरून रोज जात होतं आणि मला दिसलं नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

फोनवर कुणी खरं बोलेना, म्हणून ती अशा ग्राहकांच्या घरी जायला निघाली. तो पट्टा माझ्या पायाखालचा, म्हणून मलाही बरोबर घेतलं. पहिलंच घर उंब्रजचं. नाथाजी, एसटीत मेकॅनिक, पगार पक्का, गावातच स्वतःची मोकळी जागा. आम्ही गेलो तर बिचारा खाली बघून बोलत होता.

“आता न्हाई बांधत मॅडम. बघू फुडच्या वर्षी,” एवढंच त्यानं धरून ठेवलं. फाईल मात्र बंद करू नका म्हणाला. त्याची बायको जीनतला आत घेऊन गेली. मी बाहेर जागा बघत उभा राहिलो, तर शेजारच्या पायरीवरून त्याचा चुलतभाऊ जोतिबा उठून आला.

“बँकेची मानसं न्हवं? मागं तुमचा इंजिनिअर बी आल्ता. माझ्याच दारात इच्यारत हुता, नाथाजीला कर्ज द्याचंय, जागा कुटली म्हून. मीच दावली की,” तो गोड हसला. “आमाला कुटं म्हाईत हुतं, ह्यो बंगला बांधतोय ते. तवा म्या त्याला सांगितलं, गड्या, माझी हद्द तुझ्यात शिरलीया. बांधून तर बघ.”

हद्द शिरली होती की नाही देव जाणे, पण तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. रोज दाढी करताना मी तोच आरशात बघत होतो. मला तिथंच सगळं उमगलं. आमचाच इंजिनिअर चतुःसीमा विचारत गावभर कर्जाची दवंडी पिटतो, भावकीला पोटशूळ उठतो, कुणी हद्द काढतं, कुणी वाट अडवतं, आणि माणूस भांडण नको म्हणून कर्जच सोडतो. बँकेपुढं भावकीची लाज कोण काढणार? म्हणून ‘सध्या नको’. उपायही साधा होता. आधी सरकारी मोजणी करून घ्यायला सांगायचं, इंजिनिअरला ग्राहकानंच हमरस्त्यावरून घेऊन यायचं, आणि गावात कर्जाचं नाव काढायचं नाही.

गाडीत जीनतनं विचारलं, तो शेजारचा काय म्हणत होता? मी म्हटलं, काही नाही, उसाच्या गप्पा.

पुढं ती पाटणला गेली, कोरेगावला गेली. लोक चहा पाजत आणि काही सांगत नसत. संध्याकाळी ती भिंतीपुढं उभी राहायची, जागापाहणीखालचा कारणाचा चौकोन कोरा. मी समोर बसून शेंगा खायचो. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

सांगलीत सादरीकरण झालं. तिनं तोच लांब कागद लावून सगळा प्रवास नीट मांडला आणि जागापाहणीशी येऊन थांबली. साहेबांनी विचारलं, का गळतात? ती म्हणाली, “मला अजून कळलेलं नाही, सर. काहीतरी लिहून चौकोन भरता आला असता, पण ते खोटं झालं असतं.”

मी याच घटकेची वाट बघत होतो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, उपायासकट. साहेबांनी टेबलावर थाप मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीनतही ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला. तिला खरंच आनंद झाला होता, हे मला सहन होईना. तिनं मार्कर उचलला.

“हे तुम्हाला कधी कळलं, ऋषिराज सर?”

“उंब्रजला. जोतिबा बोलला तेव्हाच.” जिंकल्याच्या भरात तोंडातून निघून गेलं.

तिचा हात थांबला. “तेव्हा फाईल उघडी होती. मोजणी करून घ्या एवढं सांगितलं असतं तर ते थांबले असते. नाथाजींनी आज सकाळी फोनवर सांगितलं. जागा त्यांनी जोतिबालाच देऊन टाकली. निम्म्या भावात.” तिनं मार्कर कोऱ्या चौकोनावर टेकवला. “ही एक गळती तर आपल्या टेबलावर झाली. कारण काय लिहू?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, वेळेत माहिती मिळाली नाही, असं लिहा. तिनं तसंच लिहिलं, माझाच शब्द, आणि जागेवर जाऊन बसली.

खुर्ची मला मिळाली. उपाय सांगणारा माणूस पाहिजे, साहेब म्हणाले. आता मी रोज घरी जेवतो. नवी पद्धत चांगली चालली आहे, गळती खरोखरच कमी झाली आहे.

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून जीनतच्या सहीनं एक फाईल आली. उंब्रज. अर्जदार जोतिबा, जागा नाथाजीकडून खरेदी. मोजणी झालेली, हद्दीचा वाद नाही. इंजिनिअरला तो स्वतः हमरस्त्यावरून घेऊन गेला होता, गावात कुणाला पत्ता लागला नव्हता. जीनतनं कुठं एक शेरा मारलेला नव्हता. मी फाईल दोनदा उलटसुलट वाचली. नाही म्हणायला एकही कारण सापडेना, कारण सगळं माझ्याच पद्धतीनं झालं होतं. मी मंजुरीची सही केली.