एका पगाराचे तीन महिने

हॉस्पिटलातली नोकरी सोडून स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक काढायचं तिच्या मनात होतं, पण धीर होत नव्हता. लेक दीड वर्षाची, सासूबाईंची औषधं कायमची.

आर्थिक सल्लागार असलेली नणंद म्हणाली, "वहिनी, वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे, विमा आहे, दादाचा पगार आहे. पैशांना हे पेलेल. तुझ्या मनाला झेपेल का, ते कागदावर कळत नाही. तीन महिने दादाच्या एकट्याच्या पगारात राहून बघ. तुझा पगार सरळ ठेवीत टाक."

"आणि धडकी भरली तर?"

"तर नोकरी चालू ठेव. त्यात लाज कसली?"

तिने ते मनावर घेतलं. शेवटी शेवटी नेमकं वॉशिंग मशीन बिघडलं. दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलून नवराबायको चादर दोन टोकांना धरून पिळू लागले. त्याने असा काही पीळ दिला की सासूबाईंना आंघोळ घडली. लेक टाळ्या पिटत सुटली, सासूबाईही हसत सुटल्या.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "झोप लागते का गं?"

"ढाराढूर. तुझा दादा तर घोरतो."

"मी नाही घोरत," चादरीच्या पलीकडून आवाज आला.

"अगं, तीन महिने परवाच संपले. विसरलीस?" नणंदेने विचारलं.

ती खरंच विसरली होती. "अहो, चादर राहू द्या," ती हसू आवरत म्हणाली, "आधी माझा राजीनामा लिहू या."