एक तास आधीची उडी

संघप्रिया बनसोडे महिनाभर हवेत तरंगत होती, आणि कारण कुणाला सांगायची सोय नव्हती. अर्थशास्त्र विभागात ती पीएचडी करत होती. विषय असा, की सोलापुरात चारचौघांत सांगायला गेलं तर ऐकणारा आधी चहा मागवायचा. अमेरिकेत महागाईचा आकडा जाहीर झाला किंवा तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर सांगितला, की बिटकॉइनची किंमत मिनिटामिनिटाला कशी हलते, हे ती मोजत होती. वडील यशवंतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी एकदा मन लावून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गाडी सुटायची घोषणा झाली की गर्दी कुठं पळते, ते बघायचं. असंच की?" संघप्रियाला तेव्हापासून विषय समजावून सांगायचं टेन्शन उरलं नाही.

तिच्या मार्गदर्शकांचं, म्हणजे डॉ. रेवणसिद्ध हिप्परगी यांचं, मूळ गाव अक्कलकोटकडचं. घरात कन्नड, वर्गात मराठी आणि आनंद झाला की दोन्हींची सरमिसळ. त्या महिन्यात सरमिसळच जास्त चालू होती, कारण संघप्रियाच्या आलेखात एक अजब गोष्ट सापडली होती.

तिने पाच वर्षांच्या सगळ्या घोषणा घेतल्या होत्या. प्रत्येक घोषणेची वेळ मधोमध ठेवायची, तिच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास बिटकॉइन किती हललं ते मांडायचं, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. आपल्या रिझर्व्ह बँकेचा आलेख तर सरळसोट आला, उन्हाळ्यातल्या दुपारच्या रस्त्यासारखा. सकाळी दहाला मुंबईत व्याजदर जाहीर व्हायचा, आणि बिटकॉइनला त्याचा पत्ताही नसायचा. अमेरिकेच्या आलेखात मात्र दोन टेकड्या आल्या. एक छोटी, बरोबर घोषणेच्या वेळी. आणि दुसरी, तिच्याहून चांगली दुपटीने मोठी, घोषणेच्या बरोबर एक तास आधी.

सरांनी तो कागद पाहिला, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला.

"नोडू," ते म्हणाले. "हे बघ की. आकडा बाहेर यायच्या आधी तासभर कुणाला तरी कळतोय."

"पेपर फुटल्यासारखं, सर?"

"फुटल्यासारखं काय, फुटलाच. अमेरिकेचा पेपर फुटला आणि सापडला कुठं, तर सोलापुरात."

त्या दिवसापासून दोघांचेही पाय जमिनीवर नव्हते. सर तासाला जाताना जिना दोन-दोन पायऱ्या चढायचे. धारवाडला परिसंवाद भरणार होता, तिथल्या आयोजकांना त्यांनी फोन करून सांगून टाकलं की आमचा निबंध शेवटी ठेवा, त्यानंतर कुणाचं काही ऐकायची लोकांची मनःस्थिती राहणार नाही. संघप्रिया स्कूटीवरून घरी जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला एकटीच हसायची. शेजारचे रिक्षावाले मग उगाच आपलाही आरसा बघून घ्यायचे.

मग सरांनी ठरवलं की पुढचा महागाईचा आकडा थेट पाहायचा, आणि साक्षीला पत्रकार पाहिजे. त्यांच्या ओळखीचे अण्णाराव एका स्थानिक दैनिकात व्यापारपान बघायचे. टॉवेल-चादरींचे भाव आणि बाजार समितीतला कांदा यांच्या पलीकडे त्यांना फारसं कधी जावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते खुशीने तयार झाले. "सातला आकडा येणार," सर म्हणाले. "पण तुम्ही साडेपाचलाच या. सहाला बिटकॉइन उडी मारेल. आकड्याच्या आधी. ते डोळ्यांनी बघा आणि छापा."

मे महिन्यातला मंगळवार होता. विभागातल्या संगणकाच्या खोलीत कूलर गरगरत होता आणि तरीही घाम टिपावा लागत होता. संघप्रियाची मैत्रीण शिवानी, जी शेजारच्या टेबलावर बँकांच्या बुडीत कर्जांवर संशोधन करायची, ती गरम भजी आणि शेंगाचटणी घेऊन आली. तिला या प्रकरणातली मजा पुरेपूर घ्यायची होती. अण्णाराव आले, खुर्ची ओढून बसले आणि वही उघडण्याआधी भजी उघडली.

"मला एक सांगा बाई," ते संघप्रियाला म्हणाले, "महागाई तिकडं वाढली तर ह्या नाण्याला काय त्याचं?"

संघप्रियाला हा प्रश्न आवडायचा. "काका, नुसती वाढून काही होत नाही. लोकांनी आधीच अंदाज बांधलेला असतो. अंदाजाइतकाच आकडा आला तर बाजार फारसा हलत नाही. अंदाजापेक्षा जास्त आला, तर तिथली बँक व्याजदर इतक्यात खाली आणणार नाही असं वाटतं. डॉलर वधारतो आणि बिटकॉइनसारख्या जोखमीच्या गोष्टी लोक विकतात. कमी आला तर उलटं. हलवतो तो आकडा नाही, त्यातला धक्का."

"लई भारी," अण्णाराव म्हणाले आणि 'धक्का' हा शब्द वहीत लिहून घेतला.

सहाला पाच मिनिटं कमी होती. पडद्यावर प्रत्येक मिनिटाची एकेक छोटी पट्टी उमटत होती, हिरवी नाहीतर लाल. किंमत जवळजवळ स्तब्ध होती, कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी. सर उभे राहिले. शिवानीने तोंडातली भजी चावायची थांबवली.

सहा वाजले.

हिरवी पट्टी आधी बोटभर वर गेली, मग एकदम खाली आली, आणि मग अशी सुसाट वर निघाली की पडद्याची मापं आपोआप बदलली. एका मिनिटात हजार डॉलर.

"बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "बघा की अण्णाराव. आकडा यायला अजून तास आहे, आणि हे निघालं." त्यांनी अण्णारावांचा हात धरून हलवला, मग शिवानीचा, मग चुकून कूलरचा दांडा. खोलीत तिघेही एकदम बोलू लागले. अण्णाराव मथळा मोठ्याने जुळवू लागले.

संघप्रियाही हसत होती. हसता हसता तिने दुसऱ्या खिडकीतलं आकड्यांचं वेळापत्रक उघडलं, सातपर्यंत ते तयार असावं म्हणून. तिथे महागाईच्या ओळीत आधीच आकडा भरलेला होता. अंदाजापेक्षा किंचित कमी. शेजारी वेळ लिहिली होती, सहा.

तिने पान ताजं केलं. आकडा तसाच होता.

"शिवानी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे सहाला का आलं? जानेवारीत मी स्वतः पाहिलंय, सातला आलं होतं. फेब्रुवारीतही सातलाच."

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये मला ताप होता. एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीत होते."

शिवानीने खांदे उडवले. "मला काय माहीत. माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ पण मार्चपासून तासभर लवकर फोन करतो. म्हणतो, आमच्याकडं घड्याळं पुढं सरकवली."

संघप्रियाने पडद्यावरची सहाची वेळ परत वाचली. दुसऱ्याच क्षणी तिला हसू यायला लागलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला. दाबलं जाईना. ती टेबलावर डोकं ठेवून हसू लागली, खांदे हलेपर्यंत.

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"सर, पेपर फुटला नाही." तिने डोळे पुसले. "पेपर वेळेवरच सुटला. आपण परीक्षेला तासभर उशिरा आलो."

मग तिने समजावलं. आकडा तिथे नेहमीच सकाळी साडेआठला येतो. पण तिथले लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे आणतात. आपण वर्षभर घड्याळाला हात लावत नाही. म्हणून त्यांचे साडेआठ आपल्याकडे हिवाळ्यात सात आणि उन्हाळ्यात सहा. तिने पाचही वर्षं सगळीकडे हिवाळ्याचीच वेळ धरली होती. व्याजदरालाही तसंच केलं होतं. पुढे केलेल्या घड्याळाचे महिने जास्त, म्हणून आधीची टेकडी मोठी.

सर खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते संघप्रियाला कळेना, आणि तिचं हसू अर्धवट थांबलं. चूक तिची होती. धारवाडला फोन मात्र त्यांनी केला होता.

"दोन वेगळी कार्यालयं," सर शेवटी म्हणाले. "एक महागाई सांगतं, दुसरं व्याजदर. दोन्हीकडं बरोबर साठ मिनिटं आधी फुटतंय. आणि मला त्यात संशय आला नाही. अय्यो शिवा." आणि ते असे हसले की अण्णारावांनी घाबरून त्यांना पाणी दिलं.

"मग मी छापू काय?" अण्णाराव म्हणाले.

"थांबा की जरा. संघप्रिया, दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

फार वेळ लागणार नव्हता. प्रोग्रॅममध्ये तिने लिहिलेली भारताची वेळ काढून टाकली, तिथे न्यूयॉर्कचे साडेआठ लिहिले, व्याजदराला न्यूयॉर्कचे दुपारचे दोन, आणि घड्याळं मागंपुढं करायचं काम संगणकावर सोपवलं. मग कळ दाबली. पाच वर्षांची मिनिटं नव्याने मोजायला संगणकाला थोडा वेळ हवा होता. चौघेही पडद्यासमोर कोंडाळं करून उभे राहिले. उरलेली भजी कुणी संपवली ते कुणालाच आठवलं नाही.

आलेख उमटला.

दोन टेकड्या नव्हत्या. मधोमध एकच सुई होती, पहिल्या टेकड्यांपेक्षा उंच, पहिल्याच मिनिटात वर गेलेली. तिच्या आधीचा तासभर किंमत नेहमीपेक्षाही शांत. व्याजदराच्या आलेखात सुईच्या बरोबर अर्ध्या तासानंतर छोट्या टेकड्यांची आणखी एक रांग थरथरत होती, तिथल्या बँकेच्या प्रमुखांची पत्रकार परिषद सुरू होते तिथे. आणि खालच्या चौकटीत, जिथे प्रत्येक घोषणेचा धक्का आणि किमतीची हालचाल दाखवणारे ठिपके गेले वर्षभर नुसते विखुरलेले होते, तिथे ते एका तिरक्या रेषेजवळ गोळा झाले होते. धक्का जास्तीचा, तर किंमत खाली. धक्का कमीचा, तर किंमत वर.

"सर," संघप्रिया म्हणाली. "वर्षभर हे दिसत नव्हतं. मी निम्म्याहून जास्त वेळा रिकामंच मिनिट मोजत होते."

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि सुईवरून खालपर्यंत नेलं. "फुटण्यापेक्षा हे चांगलं आहे," ते म्हणाले. "फुटलं असतं तर लोकांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं. हे कुणी नाकारू शकणार नाही."

त्यांनी तिथूनच धारवाडला फोन लावला. संघप्रियाला कन्नड अर्धंमुर्धंच कळायचं, पण सर स्वतःवरच विनोद करत होते आणि पलीकडचा माणूस मोठ्याने हसत होता, एवढं कळत होतं. फोन ठेवून ते म्हणाले, "शेवटी नाही, आता आपल्याला सकाळी पहिलं ठेवलंय. म्हणतात, ही घड्याळाची गोष्ट सगळ्यांनी आधी ऐकली पाहिजे, बाकीच्यांनी पण आपापले आकडे तपासून घ्यावेत."

अण्णारावांना बातमी काही मिळाली नाही. तरी ते नऊपर्यंत बसले, आणि जाताना सुईच्या आलेखाची एक प्रत घडी घालून खिशात ठेवली. छापायला नाही, घरी बायकोला दाखवायला.

संघप्रिया आणि शिवानी एकाच स्कूटीवर निघाल्या. तळ्याकडून वारा येत होता, गरमच, पण येत होता. शिवानी मागून ओरडून विचारत होती की धारवाडला मी पण येऊ का, माझा काही संबंध नसला तरी. संघप्रिया व्हय म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि घराचं वळण आलं तरी न वळता तशीच सरळ पुढे गेली, आणखी एक चक्कर मारून यायला.